खाऱ्या पाण्यात मागे पडणारं चुंबकीय क्षेत्र

तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ भारतीय नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. पाण्याखालच्या पाणबुड्यांना इथून १८.२ किलोहर्ट्झच्या रेडिओलहरींवर संदेश जातात. हवेत या लहरीची लांबी असते सुमारे साडेसोळा किलोमीटर. तीच लहर समुद्रात शिरली, की तिची लांबी उरते जेमतेम पावणेबारा मीटर.

खारं पाणी विजेचं वाहक आहे. लहरीचं विद्युत क्षेत्र पाण्यातल्या आयनांना ढकलतं, प्रवाह वाहू लागतो, आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात जिरते. समीकरणात याची खूण तरंगांकात दिसते. तो आता संमिश्र संख्या होतो:

k = (1 + i)/δ

वास्तव भाग लहरीची लांबी ठरवतो, काल्पनिक भाग तिचा क्षय. इथे दोन्ही सारखेच आहेत, कारण या वारंवारतेला आयनांचा प्रवाह विस्थापन प्रवाहाच्या, म्हणजे बदलत्या विद्युत क्षेत्रामुळेच मोजल्या जाणाऱ्या प्रवाहाच्या, सुमारे ४८ हजार पट मोठा आहे. δ म्हणजे स्किन डेप्थ, इथे साधारण १.९ मीटर. दर तेवढ्या खोलीला लहरीची उंची ३७ टक्क्यांवर येते. दहा मीटरवर उरतो दोनशेवा हिस्सा. एक पूर्ण तरंगलांबी जाईपर्यंत पाचशेवा हिस्साही उरत नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती कलांतराची. हवेत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकाच क्षणी शिखरावर पोहोचतात. समुद्रात चुंबकीय क्षेत्र ४५ अंशांनी, म्हणजे सुमारे सात मायक्रोसेकंदांनी मागे पडतं. का?

एखादी खोली धरा, समजा तीन मीटर. तिथलं विद्युत क्षेत्र आणि तिथला प्रवाह एकाच तालात असतात. ओहमचा नियम तेच सांगतो. चुंबकीय क्षेत्र मात्र एकट्या त्या थराचं नसतं. तीन मीटरच्या खाली, अगदी तळापर्यंत जेवढे प्रवाह वाहतात, त्या सगळ्यांची ती बेरीज असते. आणि लहर वरून येत असल्यामुळे खालचा प्रत्येक थर वरच्यापेक्षा उशिरा हलतो. एक स्किन डेप्थ खालचा थर तब्बल ५७ अंशांनी मागे असतो, पण तो दुबळाही असतो. जवळचे जोरदार थर आणि दूरचे उशिराचे, दुबळे थर यांची बेरीज नेमकी ४५ अंशांवर येऊन थांबते.

हा कोन कायमचा नाही. सुमारे ९०० मेगाहर्ट्झला आयनांचा प्रवाह आणि विस्थापन प्रवाह तुल्यबळ होतात आणि कोन साडेबावीस अंशांच्या आसपास येतो.

वारंवारता उतरवली, की लहर पोहोचते ती खोली वाढते, पण वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणातच. अमेरिकेच्या नौदलाने २००४ पर्यंत ७६ हर्ट्झवर संदेश पाठवले. तिथे δ सुमारे २९ मीटर होतो. १८.२ किलोहर्ट्झचा संदेश ऐकायचा, तर पाणबुडीला आपला अँटेना पृष्ठभागाखाली काही मीटरांतच ठेवावा लागतो.