स्लॅब 108 चा, ऑइल 156 चं

(दृश्य: सकाळ. टेकूंच्या रांगेतून कॅमेरा वर चढतो. प्लेटांचं पटांगण, मधून जाणारे बीमांचे रिकामे चर.)

वडोदऱ्यात, वाघोडिया रोडला लागून एक तीन मजली घर उभं राहतंय. पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग काल संध्याकाळी पूर्ण झालं. सळई अजून खालीच आहे. म्हणजे काँक्रीट जिथे जिथे टेकणार, तो सगळा भाग आज उघडा दिसतोय. काँक्रीट साच्याला चिकटू नये म्हणून त्यावर ऑइल मारतात. ते किती लागेल हे मोजायचं असेल तर ते आजच. उद्या जाळी अंथरली की यातलं अर्धं झाकलं जाईल.

(दृश्य: मापाची टेप चरात उतरते. बाजूच्या प्लायवर बोट ठेवून आकडा दाखवला जातो.)

स्लॅब बाहेरून बाहेर 12 मीटर बाय 9 मीटर. गुणाकार 108 चौरस मीटर. बहुतेक साइटवर ऑइलचा हिशेब इथेच संपतो, आणि गोंधळाची सुरुवातही इथेच होते. 108 हे जमिनीवरून वर पाहिल्यावर दिसणारं क्षेत्र आहे. स्लॅबच्या प्लेटा आणि बीमांचे तळ दोन्ही त्यात आले. बीमांच्या बाजू उभ्या असतात, त्यामुळे नकाशावर त्या नुसत्या रेघा होतात आणि मोजताना सुटतात.

आता चरात उतरून पाहू. बीम 230 मिलिमीटर रुंद, एकूण 450 खोल. वरचे 125 मिलिमीटर स्लॅबचे. त्यामुळे आतल्या बाजूचा प्लाय 325 मिलिमीटर उंच आहे, तर घराच्या बाहेरच्या कडेचा पूर्ण 450, कारण तिथे बीमाची बाजू आणि स्लॅबची कड एकाच फळीत येते. लांबीच्या दिशेने तीन बीम, रुंदीच्या दिशेने चार. आतल्या सगळ्या बाजूंची लांबी जोडली तर 94 मीटर भरते. त्याला 0.325 ने गुणलं की 30.6 चौरस मीटर. बाहेरचा घेर 42 मीटर, उंची 0.45, म्हणजे 18.9. दोन्ही मिळून साडेएकोणपन्नास.

(दृश्य: पाटीवर खडूने बेरीज. 108 खाली 49.5.)

स्लॅबच्या जवळजवळ निम्मं क्षेत्र त्या उभ्या प्लायवर लपलेलं होतं. बारा कॉलमांच्या माथ्याचं सव्वा चौरस मीटर वजा करा, तिथे काँक्रीटखाली काँक्रीटच आहे. उरतात 156. ऑइल 156 चौरस मीटरचं लागणार, 108 चं नाही.

(दृश्य: जवळून. ऑइलचा कॅन, प्लास्टिकचं मोजपात्र, 200 च्या खुणेपर्यंत भरतं.)

आता दुसरा आकडा: एक लिटर किती पुरतं? कॅनवर छापलेला आकडा गुळगुळीत, स्वच्छ पृष्ठभागासाठी असतो. चार स्लॅब पाहिलेली, कोपरे दुमडलेली प्लेट तेवढ्यात भागत नाही. म्हणून इथे आपल्याच प्लेटांवर मोजून बघतात.

200 मिलिलिटर ऑइल वेगळं काढलं. स्पंजाचा रोलर आधी भिजवून पिळून घेतला, नाहीतर पहिला घोट तोच पितो आणि हिशेब खोटा निघतो. मग 900 बाय 600 च्या प्लेटांवर एकेक करून पातळ हात. बाराव्या प्लेटला भांडं रिकामं झालं. एक प्लेट 0.54 चौरस मीटरची, बारा प्लेटांचे साडेसहा. म्हणजे लिटरमागे 32 चौरस मीटर. बाजूंचा प्लाय फिल्म चढवलेला, गुळगुळीत आहे. त्यालाही हाच आकडा धरला. बीमांच्या तळाला मात्र जुन्या लाकडी फळ्या आहेत. लाकूड ऑइल पितं. तिथे हीच परीक्षा घेतली तर लिटरमागे 18 वरच काम थांबलं.

(दृश्य: रोलरचा लांब फटकारा. ओलसर चमक प्लेटवरून सरकत जाते.)

32 चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजे थर सुमारे 31 मायक्रॉनचा. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. एवढाच हवा. काँक्रीटकामाच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्येही मागणी तीच आहे: पातळ, एकसारखा थर, आणि सळईला न लागता. हातावर ओळखायचं असेल तर बोट फिरवून बघा. माग उमटला पाहिजे, पण बोटाला थेंब लागता कामा नये.

दाहोदकडून आलेल्या कामगाराला सुपरवायझर सांगतो, "भाई, ओछुं चोपड." चोपडणं हा शब्द गुजरातीत आणि मराठीत एकच, त्यामुळे इथे दुभाषा लागत नाही. अडचण असते ती ओछुंची, म्हणजे कमीची. भरपूर चोपडलं की प्लेट झटकन सुटते, असं सगळ्यांना वाटतं.

(दृश्य: दोन प्लेटांच्या सांध्यावर साचलेलं ऑइल. त्यात आकाश दिसतंय.)

हे बघा. रोलरऐवजी चिंधी बुडवून मारलेला कोपरा. ऑइल सांध्यांशी गोळा झालंय. प्लेट सुटायला यातलं काहीच उपयोगी पडत नाही. काँक्रीट पडलं की हा साठा त्याच्या कातडीत मिसळतो. तिथे सिमेंट नीट धरत नाही, वर भुकटी सुटते, आणि व्हायब्रेटरने वर येऊ पाहणारे हवेचे बुडबुडे त्या चिकट थरात अडकून खड्डे राहतात. इलाज सोपा आहे, कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं.

पुरवठ्याचा हिशेब आता दोन ओळींत बसतो. प्लेटा आणि बाजू मिळून 141.5 चौरस मीटर, भागिले 32, म्हणजे 4.4 लिटर. लाकडी तळ 14.7, भागिले 18, म्हणजे 0.8. एकूण सव्वापाच. सांडणं, रोलरमध्ये राहणं, दुसऱ्यांदा हात मारणं यासाठी दहा टक्के वाढवले की पावणेसहा. स्लॅबला सहा लिटर काढून ठेवायचे.

(दृश्य: कॉलमचा साचा, चार बाजू, आत वाकून रोलर.)

कॉलम वेगळे ओतले जातात, पण ऑइल त्याच कॅनमधून जातं. 230 बाय 450 चा घेर 1.36 मीटर, बीमाच्या तळापर्यंत उंची 2.55. बारा कॉलमांचे 41.6 चौरस मीटर होतात, त्याला 1.3 लिटर. स्लॅबच्या सव्वापाचात हे मिळवून दहा टक्के चढवले की मजल्याला 7.2 लिटर, तीन मजल्यांना 21.6. वीस लिटरचा एक डबा पुरत नाही. वर पाच लिटरचा कॅन लागतो.

(दृश्य: गॅरेजच्या बाहेर ठेवलेला काळा, तेलकट डबा. कॅमेरा थांबतो.)

आणि ज्यांनी नुसता 108 धरला? 108 भागिले 32, गुणिले तीन: दहा लिटर. कागदावर चोख हिशेब. दुसऱ्या मजल्याच्या मध्यावर कॅन आडवा करून झटकायची वेळ येते. सळई वर चढायला तयार, मजूर थांबलेले, आणि कोणीतरी दुचाकीवरून हा डबा घेऊन येतं. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. काजळी, धातूचा चुरा, इंधनाचे अंश, सगळं त्यात. काटकसर म्हणून क्वचितच येतं ते. येतं कारण चांगलं ऑइल संपलेलं असतं, आणि संपलेलं असतं कारण बीमाच्या बाजू कोणी मोजल्या नव्हत्या.

(दृश्य: दुसऱ्या एका इमारतीत छताचा तळ. तपकिरी डाग, प्लास्टर सुटून लोंबणारा पापुद्रा. काही सेकंद आवाज नाही.)

प्लास्टर धरत नाही, पुट्टीतून डाग वर येतो.

(दृश्य: बादलीत पाणी. पांढरं दाट द्रव धारेने सोडलं जातं, काठीने ढवळत.)

काही साइटवर पाण्यात मिसळायचं ऑइल वापरतात. त्यात फसायच्या जागा दोन. एक, 1 ला 7 म्हणजे एक भाग ऑइल, सात भाग पाणी, एकूण आठ. दोन, डब्यावरचं क्षेत्र मूळ ऑइलचं की मिसळलेल्या द्रवाचं, ते आधी वाचायचं. समजा मिसळलेल्या द्रवाला लिटरमागे 25 चौरस मीटर लिहिलंय. 156 ला सव्वासहा लिटर द्रव लागेल, त्यात मूळ ऑइल 780 मिलिलिटर. उलटं वाचलं तर सव्वासहा लिटर मूळ ऑइल मागवून बसाल. पाण्यात ऑइल सोडायचं, ऑइलवर पाणी ओतायचं नाही, गुठळ्या होतात. आणि पाणी उडून थर धरेपर्यंत सळई चढवायची नाही.

स्टोअरमध्ये शेजारी क्युरिंग कंपाउंडचा ड्रम असतो, त्याला मात्र हा भागाकार लावू नका. ते ओलावा टिकवायला ताज्या काँक्रीटवर मारायचं असतं आणि लिटरमागे जेमतेम चार-पाच चौरस मीटर जातं.

(दृश्य: दुपार. ओल्या प्लेटांवर धूळ बसू नये म्हणून घाईने सळई चढते. कव्हर ब्लॉक खाली सरकवले जातात.)

मे महिन्यात इथल्या वाऱ्याला धूळ असते. ऑइल लावून दोन दिवस प्लेटा उघड्या राहिल्या की थरावर मातीचा पातळ लेप बसतो, तो छताच्या तळाला जाऊन चिकटतो. म्हणून ज्या दिवशी ऑइल त्याच दिवशी सळई. बीमाच्या पिंजऱ्याआधी चराला हात मारून घ्यायचा. पिंजरा बसल्यावर रोलर आत घातला तर ऑइल सळईला लागतं, आणि सळईची काँक्रीटवरची पकड सैल होते.

(दृश्य: काही दिवसांनंतर. टेकू निघतो. पहार कडेला लावताच प्लेट एका आवाजात खाली सुटते.)

ओतकाम झालं. चार मीटरच्या गाळ्याला टेकू किमान 7 दिवस, बीमाच्या तळाला 14.

प्लेट कशी सुटली ते ऐका. एकच ठण. जिथे ऑइल कमी पडतं तिथे पहारेचे तीन-चार घाव बसतात, बीमाची धार तुटते, प्लायची फिल्म काँक्रीटला चिकटून वर राहते.

(दृश्य: वहीचं पान जवळून. तारीख, क्षेत्र, वापरलेले लिटर.)

कॅनमध्ये उरलेलं मोजलं. स्लॅबला 5.6 लिटर गेलं. 156 भागिले 5.6, साधारण 28. लाकडाचे तळ धरून ठीक आहे. हाच आकडा 14 आला असता, म्हणजे अकरा लिटर गेले असते, तर थर 70 मायक्रॉनचा झाला असता, आणि छताच्या तळाला डाग कुठे शोधायचे ते आधीच कळलं असतं. आकडा 45 च्या वर गेला असता, तर कुठल्यातरी चरात रोलर पोचलाच नसता.

(दृश्य: प्लेट उलटी. लोखंडी पट्टीने सिमेंटचे पापुद्रे खरवडले जातात. खाली राखाडी भुगा.)

या प्लेटा दुसऱ्या मजल्यावर जातील. खरवडून, पुसून. चिकटलेल्या सिमेंटवर ऑइल मारलं तर ते सिमेंटच पितं. वर चढवण्याआधी पुन्हा 200 मिलिलिटर, पुन्हा बारा प्लेटा. या वेळी भांडं अकराव्या प्लेटला संपलं. लिटरमागे तीसच्या आत आलं. वहीत नवा आकडा लिहिला जातो, जुन्याखाली.