सदतीस टक्के आणि फोटोत न आलेली ओळ

पडद्यावरचं कोडं तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे फॉरवर्ड होऊन आलं असेल. एका जागेसाठी दहा उमेदवार, मुलाखती एकामागून एक, निर्णय तिथल्या तिथे. सर्वोत्तम उमेदवार नेमका कसा पकडाल? खाली कुणीतरी पेनाने ‘३७%’ लिहून मोकळं झालंय, म्हणजे पहिले तेवढे नुसते पाहून सोडा आणि नंतर त्यांच्यापेक्षा सरस असा जो पहिला येईल तो घ्या. फोटो काढणाऱ्याने अटींची ओळ मात्र बाहेर ठेवली, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

अट अशी, की नाकारलेल्याला परत बोलावता येत नाही. एकूण किती जण येणार हे आधीच ठाऊक असतं, आणि ते कुठल्याही क्रमाने येण्याची शक्यता सारखीच असते. कळतं ते एवढंच, की समोरचा आधीच्यांपेक्षा सरस आहे की नाही. आणि दुसऱ्या क्रमांकाचा निवडलात तरी गुण शून्य! असा मालक कुणी पाहिलाय का? (हसू नका, काही जण मान डोलावताहेत.)

खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं उदाहरण तर हमखास देतात. पहिली बायको १६११ मध्ये वारली, मग त्याने अकरा स्थळांचा विचार केला आणि १६१३ मध्ये पाचवीशी लग्न केलं. अकरांसाठी नियमही सांगतो, पहिली चार सोडा. झालं, केप्लरला गणित कळलं होतं म्हणे! अहो, तो पुढची सगळी स्थळं बघून पाचवीकडे परत आला. परत जायची मुभा असेल तर हे कोडंच उरत नाही. गणिती कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९६० मध्ये हा प्रश्न छापला तेव्हा अटी स्पष्ट होत्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. सिद्धता आता पळतच.

नियम असा: पहिले तीन फक्त पाहायचे, नंतर त्या तिघांपेक्षा सरस असा जो पहिला येईल तो घ्यायचा. समजा सर्वोत्तम सातवा आहे. आपण त्याच्यापर्यंत पोचतो कधी? पहिल्या सहांतला सर्वात सरस जर पहिल्या तिघांतच असेल तरच, नाहीतर चौथ्या-पाचव्या-सहाव्यालाच घेऊन बसतो. म्हणजे शक्यता ३/६. चौथ्या जागेपासून दहाव्यापर्यंत असं मोजून बेरीज केली, की

```
(3/10)(1/3 + 1/4 + ... + 1/9) ≈ 0.3987
```

चार सोडले तर ०.३९८३, म्हणजे फरक नावापुरता. दोनच सोडले तर मात्र ०.३६५८. उमेदवार वाढत गेले की सोडायचा वाटा आणि यशाची शक्यता दोन्ही १/e कडे, म्हणजे सुमारे ३७ टक्क्यांकडे जातात.

आता हेही बघा: सर्वोत्तम पहिल्या तिघांतच निघाला, ज्याची शक्यता ३० टक्के, तर दहावा जो असेल तो गळ्यात पडतो. ‘सर्वोत्तमच हवा’ हा हट्ट सोडून निवडलेल्याची सरासरी गुणवत्ता वाढवायची असेल, आणि गुण शून्य ते शंभर असे समान विखुरलेले धरले, तर दहांत पहिले दोनच सोडावेत. किती अर्ज येणार हेच माहीत नसेल, तर सदतीस टक्के काढायचे कशाचे, हे फोटो पाठवणाऱ्यालाच विचारा.