तिसऱ्या वर्षाचे पन्नास रुपये

(देवगड येथील एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय तो असा: दरमहा गुंतवायची रक्कम दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढवत नेली, तर शेवटी हातात किती येतं. सूत्र मी सांगणारच आहे. कुणकेश्वर-मिठबावकडच्या मंडळींची शेवटची एसटी आहे हेही मला माहीत आहे. पण आधी पन्नास रुपयांची गोष्ट ऐका. ती समजली की सूत्र अर्धं समजलं.

माझ्या मुलीला नोकरी लागली तेव्हा तिने महिना पाच हजारांची एसआयपी सुरू करायचं ठरवलं. पगार वाढेल तशी दरवर्षी दहा टक्क्यांनी रक्कम वाढवायची. एजंटाने छापील कागद दाखवला: वीस वर्षं, वार्षिक 12 टक्के परतावा धरला तर 93 लाख. मी गणिताचा मास्तर, घरी येऊन आकडा तपासला. बरोबर होता. तिने फॉर्मवर सही केली.

आता तुम्हीच सांगा, पाच हजारांचे दहा टक्के किती? (श्रोत्यांतून: पाचशे.) बरोबर. फॉर्मवर वाढीच्या रकान्यात काय लिहिलं होतं? पाचशे. टक्क्यांचा रकाना शेजारीच होता, तो रिकामा. दुसऱ्या वर्षी खात्यातून साडेपाच हजार गेले. टक्क्यांनी वाढवले असते तरी साडेपाचच गेले असते, म्हणून कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. तिसऱ्या वर्षी सहा हजार गेले. तिथे मी थांबलो. साडेपाच हजारांवर दहा टक्के म्हणजे 6,050 जायला हवे होते.

पन्नास रुपये कमी.

मुलीला घेऊन मी कणकवलीला एसआयपीच्या ऑफिसात गेलो. समोरच्या माणसाने फॉर्म काढून दाखवला आणि म्हणाला, "सर, पाचशेची वाढ तुम्हीच मागितली आहे." परत आलो, वही काढून वीस वर्षांचा हिशेब मांडला आणि पुन्हा गेलो. आमची आत्या ओसरीवर बसली होती, म्हणाली, "पन्नास रुपयांसाठी तू कणकवलीक जातंस?" आत्याला मी वही दाखवली. आज तुम्हालाही दाखवतो. त्या ऑफिसचं नाव घेत नाही, पण त्या दिवशीचा संताप अजून माझ्या मनात आहे. कागद टक्क्यांचा दाखवायचा आणि फॉर्म रुपयांचा भरायचा, ही चूक लहान नाही.

पाचशेपाचशेने वाढवत गेलात, तर विसाव्या वर्षी महिन्याचा हप्ता 14,500 होतो. दहा टक्क्यांनी गेलात, तर 30,580. परतावा 12 टक्केच धरला, तर पहिल्या वाटेने वीस वर्षांनी साधारण 73 लाख 68 हजार होतात आणि दुसऱ्या वाटेने 93 लाख 16 हजार. तिसऱ्या वर्षी पन्नास रुपये दिसणारा फरक शेवटी साडेएकोणीस लाखांचा होतो. फॉर्म दुरुस्त करून घेतला तेव्हा तिसरं वर्ष संपत आलं होतं. तुमच्यापैकी कुणाची अशी एसआयपी चालू असेल, तर तिसऱ्या वर्षाचा हप्ता पासबुकात बघा. 6,000 आहे की 6,050? पहिल्या दोन वर्षांत हे कळतच नाही.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं.) हो, आलोच सूत्रावर.

एका वर्षात हप्ता बदलत नाही, म्हणून आधी एकाच वर्षाची थैली भरा. दरमहाच्या सुरुवातीला पाच हजार म्हणजे वर्षाचे साठ हजार. वर्षअखेर ते व्याजासकट सुमारे 63,833 होतात. या थैलीला S म्हणू. पुढच्या वर्षीची थैली याच्या 1.10 पट, त्यापुढची आणखी 1.10 पट. आणि भरून झालेली प्रत्येक थैली दरवर्षी 1.12 पटीने फुगते. या वीस थैल्यांची बेरीज ही साधी भूमिती श्रेढी आहे. शेवटी हातात येणाऱ्या रकमेला FV म्हणू, वर्षांना n:

```
FV = S × (A^n − B^n) ÷ (A − B)
A = 1.12   B = 1.10   n = 20
```

1.12 चा विसावा घात 9.646, 1.10 चा 6.727. वजाबाकी 2.919, तिला 0.02 ने भागलं की जवळपास 146. गुणिले 63,833, झाले 93 लाख. सूत्रावर विश्वास बसत नसेल, तर वहीत दर वर्षी एक ओळ लिहा: मागची शिल्लक गुणिले 1.12, अधिक या वर्षाची थैली. विसाव्या ओळीला हाच आकडा येतो.

आता दोन थैल्या शेजारी ठेवा. पहिल्या वर्षी तुम्ही साठ हजार घातले, ते शेवटी साडेपाच लाख होतात. विसाव्या वर्षी 3 लाख 67 हजार घातले, ते होतात 3 लाख 90 हजार. वाढत्या हप्त्यात शेवटी जमलेला पैसा बराचसा तुमच्या खिशातलाच असतो. 93 लाखांत तुमचे 34 लाख 36 हजार आहेत. हप्ता पाच हजारच ठेवला असता, तर 12 लाख घालून 46 लाख झाले असते. "वाढवल्याने दुप्पट झाले" असं कुणी सांगितलं, तर विचारा, घातले किती? जवळपास तिप्पट घातले तेव्हा दुप्पट झाले. तरी मी वाढवायच्याच बाजूचा आहे, कारण पगार वाढतो आणि वीस वर्षांनी पाच हजारांना आजची किंमत नसते. महागाई 6 टक्के धरली, तर त्या 93 लाखांची खरेदीची ताकद आजच्या 29 लाखांइतकी भरते.

वाढ आणि परतावा दोन्ही 12 टक्के असतील, तर सूत्रात खाली शून्य येतं आणि भागाकार अडतो. घाबरू नका. तेव्हा प्रत्येक थैली शेवटी सारखीच भरते: पहिल्या थैलीचे साडेपाच लाख गुणिले वीस, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या घरात.

दोन कॅल्क्युलेटर दोन आकडे दाखवतात याचंही एक कारण सांगतो. काही कॅल्क्युलेटर 12 टक्क्यांना बाराने भागून महिन्याला 1 टक्का धरतात. तसं धरलं की वर्षाचे 12.68 टक्के होतात आणि आपला आकडा 93 वरून 99 लाखांवर जातो. वर्षाला खरोखर 12 हवे असतील, तर महिन्याचा दर 0.949 टक्के धरावा लागतो. शिवाय बाजार दरवर्षी सारखा चालत नाही. शेवटच्या वर्षांत थैल्या मोठ्या असतात, म्हणून तिथे पडझड झाली तर ती जास्त लागते. म्हणून मी मुलीला 8 आणि 10 टक्क्यांचे आकडेही काढून दिलेत.

पगार वर्षाला सहा टक्क्यांनीच वाढत असेल आणि हप्ता दहाने, तर आज तीस हजारांतले पाच हजार म्हणजे सहावा हिस्सा, तो विसाव्या वर्षी तिसरा हिस्सा होतो. तिथे अनेकांचं मोडतं. म्हणून फॉर्मवर वाढ कुठल्या रकमेला थांबवायची हेही लिहून ठेवा. आणि बँकेला दिलेल्या संमतीपत्रावरची कमाल रक्कम बघा. ती दहा हजार असेल, तर नवव्या वर्षी हप्ता 10,718 होतो आणि त्यावर अडतो.

एसटी लागली वाटतं. वही मी टेबलावर ठेवतो, ज्यांना तिसऱ्या वर्षाचा हप्ता तपासायचाय त्यांनी आपलं पासबुक घेऊन रविवारी घरी या.