सुक्या चटणीसाठी दाणे, तीळ आणि खोबरं भाजताना

श्रोतेहो, नमस्कार. वडापावच्या गाडीवर पाव उघडला की आत भुरभुरली जाते ती लसणाची लाल सुकी चटणी. घरी केली की ती कधी कडवट होते, कधी तिचा तेलकट गोळा होतो, तर कधी आठ दिवसांत खवट वास येतो. बहुतेक वेळा चूक कढईतच झालेली असते. म्हणून आज फक्त भाजण्याबद्दल बोलू.

एक वाटी किसलेलं सुकं खोबरं, पाव वाटी शेंगदाणे, दोन मोठे चमचे पांढरे तीळ आणि पंधरा-वीस लसूण पाकळ्या घ्या. खोबऱ्याची वाटी किसण्याआधी हुंगून बघा. मुंबईच्या पावसाळ्यात ती लवकर खवट होते, आणि खवटपणा भाजून जात नाही. तिन्ही जिन्नस वेगवेगळे भाजायचे. दाण्याला आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, खोबऱ्याचा किस मात्र कागदासारखा पातळ असतो. एकत्र टाकले तर दाणा कच्चा आणि खोबरं काळं, असंच होणार.

आधी दाणे. जाड बुडाची कढई, मंद आच, आणि दहा-बारा मिनिटं सतत हलवणं. दमट हवेत दाणे सादळलेले असतात, तेव्हा आणखी दोन-तीन मिनिटं धरा. सुरुवातीला कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास येतो. तो ओसरून गोडसर, खमंग वास सुटला की एक दाणा बाहेर काढा, गार होऊ द्या आणि चोळा. साल सहज सुटली पाहिजे. मग दाण्याच्या दोन डाळिंब्या वेगळ्या करून आतला रंग बघा. सालीवरच्या डागांवर विसंबू नका, आच मोठी असेल तर ते आत दाणा कच्चा असतानाही पडतात. आत फिकट बदामी रंग हवा. मधोमध पांढरट, ओलसर दिसलं तर अजून वेळ आहे. गरम दाणा मऊच लागतो, म्हणून कुरकुरीतपणा गार झाल्यावरच तपासायचा.

दाणे काढल्यावर कढई पुसून घ्या. तळाशी राहिलेली फोलपटं पुढे जळतात आणि तिळाला कडवट वास लावतात.

तिळाला तीन-चार मिनिटं पुरतात, कारण कढई तापलेलीच असते. चिमूटभर कच्चे तीळ पांढऱ्या बशीत बाजूला ठेवा आणि भाजलेले त्यांच्याशेजारी टाकून बघा. ट्यूबलाइटखाली काळ्या कढईतला रंग नीट कळत नाही, बशीत फरक लगेच दिसतो. तीळ फुगतात, तडतडू लागतात. चार तीळ चिमटीत चुरडले तर भुगा व्हायला हवा आणि वास थेट नाकाशी यायला हवा. फिकट सोनेरी रंगावर थांबा. तपकिरी झालेला तीळ कडू लागतो, आणि तो कडूपणा गुळानेही झाकला जात नाही.

आता खोबरं, यात सगळ्यात जास्त सांभाळायला हवं. आच अगदी बारीक करा, कढई फार तापली असेल तर बंदच ठेवून सुरुवात करा. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, कारण तोवर खोबऱ्यातला ओलावा निघत असतो. तो संपला की रंग भराभर चढतो. कडेच्या किसाला पिवळसर झाक आली आणि गोड वास सुटला की गॅस बंद. अजून थोडं हवं होतं, असं वाटतानाच काढायचं आणि लगेच परातीत पसरायचं. कढईत राहू दिलं तर तिच्या उष्णतेवर ते भाजतच राहतं. परातीत गार झाल्यावर किस बोटांनी दाबला की मोडायला हवा. वाकत असेल तर ओलावा राहिलाय.

एक अडचण नाकाची असते. पाच मिनिटं कढईशी उभं राहिलं की वास जाणवेनासा होतो. तीळ किंवा दाणे भाजताना आच अगदी कमी करून क्षणभर खिडकीशी जा आणि परत येऊन हुंगा. खोबऱ्याच्या वेळी मात्र जागा सोडू नका, तिथे रंगावर भरवसा ठेवा.

शेवटी लसूण सोलून त्याच कढईत कोरडी परता, डाग पडेपर्यंत. तिचा ओलावा राहिला तर चटणी टिकत नाही. सगळं पूर्ण गार झालं की आधी लसूण आणि खोबरं, मग दोन-तीन चमचे लाल तिखट आणि चवीपुरतं मीठ, आणि सगळ्यात शेवटी दाणे आणि तीळ घाला. मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर भांडं तापतं, दाण्या-खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. तसं झालंच, तर थोडं भाजलेलं कोरडं खोबरं हाताने चुरून मिसळा, चटणी पुन्हा बरीच मोकळी होते.