गाणं फोनमध्ये, किल्ली ॲपकडे

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका लांबच्या प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री मी एक उद्योग केला. फोनमध्ये गाण्यांचं ॲप होतं, त्याचे दरमहा पैसे भरत होतो आणि दोनेकशे गाणी डाउनलोड करून ठेवली होती. गाडीतला प्लेअर जुना, त्याला फक्त पेन ड्राइव्ह कळायचा. म्हटलं, त्यात काय एवढं! फोन कंप्युटरला जोडला, ॲपचा फोल्डर शोधून काढला, तर आत जवळजवळ एक जीबी माल. फक्त एकाही फाइलला गाण्याचं नाव नव्हतं. नुसती अक्षरं आणि आकडे, कुणीतरी डोळे मिटून टाइप केल्यासारखे. तरी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं. सकाळी गाडीत लावला आणि प्लेअरने सांगितलं की यात गाणंच नाही.

मग मी तेच केलं, जे तुमच्यापैकी अनेकांनी करून पाहिलं असेल. एका फाइलचं नाव बदलून शेवटी .mp3 लावलं. अर्थातच काही उपयोग झाला नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतला पदार्थ बदलत नाही.

आत नेमकं काय होतं, ते आज सांगतो. गाण्याची फाइल उघडली, की तिची ओळख बहुतेक वेळा पहिल्या काही अक्षरांतच पटते. एमपीथ्री फाइलची सुरुवात पुष्कळदा ID3 या अक्षरांनी होते, ऑग प्रकारच्या फाइलची OggS या अक्षरांनी. प्लेअर आधी ही खूण बघतो आणि मग पुढचं वाचायला घेतो. मी उतरवलेल्या फाइलींत ती खूण नव्हतीच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत अर्थहीन बाइट. काही ॲप याहून थोडं वेगळं करतात. फाइलचं वरचं वेष्टन उघडं ठेवतात आणि आतला आवाज तेवढा कुलूपबंद करतात. तशी फाइल दुसऱ्या प्लेअरवर टाकली, तर गाण्याची लांबी चार मिनिटं अशी दिसूही शकते, पण ऐकू काहीच येत नाही. लोकांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नसते, ती एन्क्रिप्ट केलेली असते.

हे कुलूप कसं असतं? चार मिनिटांचं एक गाणं घेऊ, सेकंदाला 160 किलोबिट या दर्जाचं. त्याचे होतात साधारण 48 लाख बाइट. या कामी सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे एईएस. ती हा मजकूर सोळा-सोळा बाइटच्या तुकड्यांनी हाताळते, म्हणजे एका गाण्याचे तीन लाख तुकडे. किल्लीसुद्धा पुष्कळदा फक्त सोळा बाइटचीच असते. तिच्या आधाराने प्रत्येक तुकडा असा बदलला जातो, की किल्लीवाचून तो मूळ रूपात आणता येत नाही. फाइलचा आकार मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून आपल्याला वाटतं की गाणं तर आलंय! आणि अंदाजाने किल्ल्या लावत बसायचं म्हटलं, तर शक्य किल्ल्यांची संख्या 39 अंकी आहे. तो नाद सोडलेलाच बरा.

ॲपमध्ये गाणं लावलं, की ॲप फाइलचा थोडा थोडा भाग किल्लीने उघडतं, त्याचा आवाज करून स्पीकरकडे धाडतं आणि पुढच्या भागाकडे वळतं. उघडं झालेलं गाणं पूर्ण फाइल म्हणून फोनच्या साठवणीत कधी लिहिलंच जात नाही. त्यामुळे कॉपी करण्यासारखं असं जे हाती लागतं, ते कुलूपच.

आता कुणी म्हणेल, मग फाइलबरोबर किल्लीही उचलू. खरी मेख इथेच आहे. गाण्याची किल्ली फाइलच्या शेजारी उघडी पडलेली नसते. सर्व्हर ती पाठवतो तीच दुसऱ्या कुलपात घालून, आणि ते दुसरं कुलूप उघडण्याचं गुपित त्या एका फोनशी बांधलेलं असतं. अनेक फोनांत ते प्रोसेसरच्या वेगळ्या, राखीव भागात जपलेलं असतं, जिथे इतर ॲपना शिरकाव नसतो. म्हणून तीच फाइल, तेच ॲप आणि तेच खातं असलेल्या तुमच्याच दुसऱ्या फोनवर नेली, तरी ती वाजत नाही. तिथे गाणी नव्याने डाउनलोड करावी लागतात. ॲप काढून टाकलं, की किल्ल्याही गेल्या. फायली चुकून उरल्याच, तर त्या नुसती जागा अडवतात.

किल्लीबरोबर एक परवानाही येतो. हे गाणं कुठल्या खात्यासाठी, कुठल्या फोनवर, किती दिवस, ते त्यात लिहिलेलं असतं. स्पॉटिफायचं उदाहरण घ्या. पैसे भरणाऱ्याला जास्तीत जास्त 5 उपकरणांवर, प्रत्येकी 10,000 पर्यंत गाणी उतरवता येतात, पण 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. जोडलं नाही, तर डाउनलोड हातचे जातात. याचं एक कारण उघड आहे, वर्गणी चालू आहे की नाही हे पाहायचं. दुसरं कारण मला जास्त रोचक वाटतं. तुम्ही नेट बंद करून कुठलं गाणं किती वेळा ऐकलंत, याची नोंद ॲप फोनमध्ये ठेवतं आणि जोडणी झाली की पाठवतं. गाण्यामागच्या लोकांचा वाटा ठरतो तो याच नोंदींवरून. पेन ड्राइव्हवर शंभरदा वाजलेलं गाणं या हिशेबात शून्य वेळा वाजलेलं असतं.

म्हणजे ‘डाउनलोड’ हा शब्दच जरा फसवा आहे. तुम्ही गाणं विकत घेतलेलं नसतं, ते भाड्याने घरी आणलेलं असतं. फायली मोकळ्या दिल्या असत्या, तर एका महिन्याची वर्गणी भरून दहा हजार गाणी उतरवायची आणि दुसऱ्या महिन्यात रामराम ठोकायचा, हे कुणीही केलं असतं. विकत घेतलेल्या गाण्यांची गोष्ट निराळी. ॲपलच्या आयट्यून्स दुकानात 2003 साली गाणी विकायला सुरुवात झाली, तेव्हा तीही कुलूपबंदच होती. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला विक्रेत्याचं कुलूप का, ही तक्रार मात्र रास्त होती, आणि 2009 मध्ये तिथल्या गाण्यांची कुलपं काढायचं जाहीर झालं. आजही सुटं गाणं एमपीथ्री म्हणून विकणाऱ्या दुकानातून घेतलं, तर ते खुशाल पेन ड्राइव्हवर टाका. भाड्याच्या गाण्यावर मात्र कुलूप राहिलं, आणि त्यात मला तरी अन्याय दिसत नाही. राग येतो तो एवढाच, की डाउनलोडच्या बटणापाशी हे कुणी धडपणे सांगत नाही.

एक गोष्ट या कुलपाच्या हाताबाहेरची आहे. कानापर्यंत पोचायचं, तर आवाजाला शेवटी उघडं व्हावंच लागतं. म्हणूनच फोन ब्लूटूथने किंवा वायरने जोडला, की तीच गाणी कुठल्याही स्पीकरवर बिनतक्रार वाजतात. फाइल फोनमध्येच राहते, बाहेर पडतो तो फक्त आवाज. माझ्या त्या जुन्या प्लेअरलाही मागच्या बाजूला वायरीचं एक छिद्र होतं. ते मला दिसलं परतीच्या प्रवासात.

नमस्कार.