सेवेतील खंड आणि निवृत्तिवेतन

श्रोतेहो, नमस्कार. रजेशिवाय गैरहजर राहिल्याने निवृत्तिवेतनासाठी मोजल्या जाणाऱ्या अर्हताकारी सेवेचे काय होते, हे आज पाहू. हे विवेचन 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेल्या, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 लागू असलेल्या राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांपुरते आहे.

या नियमांतील 47 वा नियम कठोर आहे. सेवेत खंड पडला, तर काही अपवाद वगळता आधीची सारी सेवा जप्त होते. मंजूर रजेला जोडून झालेली अनधिकृत गैरहजेरी हा त्यातला एक अपवाद. मात्र दरम्यान ते पद कायमस्वरूपी भरले गेलेले नसावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातील एक लिपिक 1 जून 1994 रोजी सेवेत आले. नोव्हेंबर 2003 मध्ये त्यांना महिनाभराची रजा मंजूर झाली. पण कावीळ बळावल्याने ते 31 मे 2004 पर्यंत, म्हणजे आणखी सहा महिने, कामावर आले नाहीत. गावातच झाडपाल्याचे औषध घेतल्याने वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हते. ते 31 मे 2025 रोजी सेवानिवृत्त झाले.

त्यांचे पद रिक्तच होते, म्हणून आधीची साडेनऊ वर्षे वाचली. पण मागची सेवा वाचणे वेगळे आणि गैरहजेरीचा काळ मोजला जाणे वेगळे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. नियुक्ती प्राधिकारी तो काळ पूर्वलक्षी प्रभावाने असाधारण रजेत रूपांतरित करू शकतात. तरीही वैद्यकीय प्रमाणपत्रावरील असाधारण रजाच सर्वसाधारणपणे अर्हताकारी ठरते. म्हणून त्यांचे सहा महिने वजा होऊन 31 ऐवजी साडेतीस वर्षे उरली.

सेवानिवृत्ति उपदान दर पूर्ण सहामाहीस वेतनाच्या एक चतुर्थांश दराने, कमाल मर्यादेच्या अधीन राहून मिळते. 62 सहामाह्यांचे साडेपंधरा महिन्यांचे वेतन झाले असते. 61 सहामाह्यांचे सव्वापंधरा महिन्यांचे होते. मात्र, हीच गैरहजेरी रजा न घेता झाली असती आणि मागील सेवा जप्त झाली असती, तर 21 वर्षांच्या 42 सहामाह्यांवर केवळ साडेदहा महिन्यांचे वेतन पदरी पडले असते. पावणेपाच महिन्यांच्या वेतनाचा हा फरक कोणाही कुटुंबाला जाणवेलच.

याकरिता कामावर परतताच रुजू अहवालासोबत तो काळ नियमित करण्याचा लेखी अर्ज द्यावा, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे प्रमाणपत्र असल्यास जोडावे, आणि आदेशाचा क्रमांक व दिनांक सेवापुस्तकात नोंदला गेल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करावी. ती नोंद नसेल, तर निवृत्तीच्या वेळी प्रकरण मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातून आक्षेपासह परत येऊ शकते, आणि वीस वर्षांपूर्वीचे कागद तेव्हा कार्यालयात सापडतीलच असे नाही.