आकडा एकच, रुग्ण दोन

[दृश्य: बीपी मोजायचं यंत्र. पडद्यावर २१०/१२०.]

शेजारी शेजारी दोन खाटा. दोघांचंही बीपी २१०/१२०.

पहिल्या गृहस्थांना काहीच होत नाहीये. दहा दिवसांपूर्वी गोळ्या संपल्या, आणायच्या राहून गेल्या. दाताच्या डॉक्टरांनी सहज बीपी मोजलं आणि घाबरून इकडे पाठवलं. दुसऱ्या बाईंचं डोकं सकाळपासून ठणकतंय, दोन उलट्या झाल्या, आणि आता त्या मुलीलाच विचारतायत, तू कोण?

[दृश्य: डोळ्याच्या पडद्याचं चित्र.]

डॉक्टर बाईंच्या डोळ्यांत बघतात. दृष्टिपटलावर रक्ताचे ठिपके आहेत, डोळ्याच्या नसेचं तोंड सुजलंय. म्हणजे दाबाचा मार मेंदूपर्यंत पोचला. ही इमर्जन्सी. अशीच इजा हृदयाला, मूत्रपिंडांना किंवा महाधमनीलाही होऊ शकते. म्हणून ईसीजी, लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी होते. मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅन सांगतो.

आता वाटेल, औषध द्या आणि १२०/८० करून टाका. नेमकं तेच करायचं नाही.

[दृश्य: मेंदूच्या बारीक धमन्या आकुंचन पावताना.]

वर्षानुवर्षं जास्त दाब सोसलेल्या मेंदूच्या धमन्या जाड होतात आणि त्या दाबालाच सरावतात. दाब एकदम पडला तर त्यांना पुरेसं रुंदावता येत नाही, आणि मेंदूला रक्त कमी पडतं.

बाईंचा सरासरी दाब काढू. १२० मध्ये दोन आकड्यांतल्या फरकाचा, म्हणजे ९० चा, तिसरा हिस्सा मिळवला की १५०. पहिल्या तासात यातला जास्तीत जास्त पाव भाग उतरवायचा, म्हणजे साधारण ११२ च्या खाली जायचं नाही. मग पुढच्या दोन ते सहा तासांत १६०/१०० च्या आसपास, आणि उरलेलं एक-दोन दिवसांत. त्यासाठी आयसीयू आणि शिरेतून लॅबेटालॉल किंवा निकार्डिपिन, कारण ते हवं तेव्हा कमी करता येतं, थांबवता येतं.

अपवाद आहेत. महाधमनीचा थर फाटत असेल तर वरचा आकडा झटपट १२० पर्यंत आणावाच लागतो. उलट गुठळीचा पक्षाघात असेल आणि गुठळी विरघळवायची नसेल, तर २२०/१२० पर्यंत बहुधा हात लावत नाहीत.

[दृश्य: पहिली खाट.]

आणि आपले गृहस्थ? त्यांना शांत बसवून, योग्य मापाच्या पट्ट्यानं पुन्हा मोजलं: १९६/११४. तपासणीत इजा कुठेच नाही. एके काळी अशांच्या जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायचे. आकडा धाडकन पडायचा, सगळ्यांना बरं वाटायचं, आणि एखाद्याला त्यातूनच पक्षाघात किंवा हार्ट अटॅक यायचा.

त्यांना जुन्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आठवड्याभरात परत दाखवायला सांगितलं. ते घरी निघाले तेव्हा यंत्रावर १९०/११० होतं, आणि डॉक्टरांनी जाऊ दिलं.